एकत्रित अनुमानाचे वाचन : नवजात-गृहभेटींच्या चाचण्यांचा दाखला

गडचिरोली जिल्ह्यातील अभय बंग, राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली आणि तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे इतरत्र अशा गृहभेटींच्या चाचण्या झाल्या. अशा पाच चाचण्यांचे संकलन गोगिया आणि सचदेव यांनी २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनात मांडले. नवजात-मृत्यूची एकत्रित सापेक्ष जोखीम त्यांना ०.६२ आढळली व तिचा विश्वास-अंतराल ०.४४ ते ०.८७ असा होता. २०११ साली भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत अशा भेटींचा कार्यक्रम सुरू केला. तेव्हा ‘०.६२’ या आकड्याचा अर्थ काय लावावा, हा केवळ गणिताचा प्रश्न उरत नाही.

असे संकलन ज्या आकृतीत मांडतात तिला फॉरेस्ट प्लॉट म्हणतात. तीत प्रत्येक चाचणीसाठी एक आडवी ओळ असते. ओळीवरील चौरस त्या चाचणीचे अनुमान दाखवितो आणि त्याचे क्षेत्रफळ संकलनातील तिचा भार सांगते. चौरसातून दोन्ही बाजूंस निघालेली रेषा म्हणजे विश्वास-अंतराल होय. १ या अंकावरील उभी रेषा ‘काहीच फरक नाही’ असे सूचित करते. मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे ०.५ आणि २ हे अंक तिच्यापासून सारख्याच अंतरावर पडतात. तळाशी असलेल्या हिऱ्याच्या आकृतीचा मध्य म्हणजे एकत्रित अनुमान आणि तिची दोन टोके म्हणजे त्याचा अंतराल.

वाचकाची दृष्टी प्रथम या हिऱ्याकडे जाते. ती प्रथम ओळींकडे जावयास हवी. हे दाखविण्यासाठी तीन चाचण्या घेऊ. त्या केवळ सरावासाठी निवडल्या आहेत. सर्व पुराव्याचे प्रतिनिधित्व त्या करीत नाहीत. उत्तर प्रदेशातील शिवगड (२००८) : ०.४६, अंतराल ०.३५ ते ०.६०. बांगलादेशातील सिल्हेट (२००८) : ०.६६, अंतराल ०.४७ ते ०.९३. घाना (२०१३) : ०.९२, अंतराल ०.७५ ते १.१२. शिवगडची रेषा ०.६० पाशी संपते, तर घानाची ०.७५ पासून सुरू होते. दोन्ही रेषा एकमेकींना स्पर्शही करीत नाहीत. केवळ योगायोगाने इतका फरक पडणे दुर्घट आहे.

आता एकत्रीकरण करू. तिन्ही ठिकाणी खरा परिणाम एकच आहे असे गृहीत धरले, तर प्रत्येक चाचणीचा भार तिच्या अचूकतेवरून ठरतो. या हिशेबाने घानाला ५३ टक्के, शिवगडला २९ टक्के आणि सिल्हेटला १८ टक्के भार मिळतो. उत्तर येते ०.७१, अंतराल ०.६१ ते ०.८२. हिरा अरुंद आणि १ च्या रेषेपासून दूर असल्याने निष्कर्ष निर्विवाद वाटतो. परंतु विषमतेचे मान, म्हणजे योगायोगापलीकडील फरकाचा वाटा, येथे सुमारे ८८ टक्के आहे. अर्थात मूळ गृहीतच टिकत नाही.

स्थळपरत्वे खरा परिणाम निराळा असू शकतो असे मानले, तर या विषमतेची भर प्रत्येक चाचणीच्या अनिश्चिततेत पडते आणि तिन्ही भार जवळजवळ समान होतात. उत्तर येते ०.६६, परंतु अंतराल ०.४२ ते १.०२. आकडे तेच असूनही हिरा आता १ ला ओलांडतो. शिवाय केवळ तीन चाचण्यांवरून विषमतेचा अंदाज बांधणे हेच मुळात कच्चे काम आहे, म्हणून या रुंद अंतरालावरही फार विसंबता येत नाही.

या दोन अनुमानांपैकी ‘खरे’ कोणते, असे विचारण्यात अर्थ नाही. पहिले उत्तर एकाच परिणामाविषयी बोलते, तर दुसरे अनेक परिणामांच्या सरासरीविषयी. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर दोन्ही वाक्यांचे विधेय एकसारखे दिसते, पण कर्ता भिन्न आहे. ०.६२ हा आकडाही दुसऱ्याच प्रकारचा आहे. ‘कोणत्याही गावी भेटी सुरू केल्या की मृत्यू ३८ टक्क्यांनी घटतील’ असे तो म्हणत नाही.

मग पुढचा प्रश्न असा, की ओळी एकमेकींपासून दूर का आहेत? सिल्हेटमध्ये कार्यकर्त्यांकडून घरीच प्रतिजैविकाची इंजेक्शने देण्याची सोय होती. घानात स्वयंसेवक आजारी बालकास रुग्णालयात पाठवीत आणि काम प्रत्यक्ष शासकीय यंत्रणेतून चाले. गोगिया-सचदेव यांच्या उपगटांतही, जेथे निम्म्याहून अधिक घरी भेटी पोहोचल्या तेथे लाभ अधिक दिसला. मात्र असे उपगट पाच चाचण्यांतून पाडलेले असल्याने त्यांना कारणाचा पुरावा न मानता तर्काची दिशा मानावे. घानाच्या संशोधकांनी आपली चाचणी तशाच स्वरूपाच्या तीन चाचण्यांबरोबर एकत्र केली, तेव्हा मृत्यूतील घट १२ टक्के निघाली; अंतराल ५ ते १८ टक्के.

एका अनुमानात ३८ आणि दुसऱ्यात १२, या दोहोंत विरोध नाही. एकत्र आणलेल्या चाचण्या निराळ्या, म्हणून सरासरीही निराळी. आपल्या जिल्ह्यातील ‘आशा’च्या कामाविषयी अपेक्षा ठरविताना, त्या कामाची परिस्थिती आकृतीतील कोणत्या ओळीशी जुळते हे आधी पाहावे आणि मगच हिऱ्याकडे वळावे.