चार वाक्यांचा मेल

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीने गटचर्चेनंतर कंपनीच्या एचआर विभागाला लिहिलेला मेल समोर आहे. मजकूर चारच वाक्यांचा. पण पहिला आनंद मिळतो तो विषयाच्या ओळीत: ‘गटचर्चा, 4 सप्टेंबर, दुपारची बॅच, उमेदवार क्र. 27 – यादीबाबत विचारणा’. कॅम्पस ड्राइव्हला एका दिवसात दहा-दहा जणांच्या कितीतरी बॅच होतात. परीक्षक गुण टिपतात ते क्रमांकापुढे. नुसते ‘नम्र स्मरण’ असे लिहिले असते, तर ही कोण ते शोधत बसावे लागले असते. इथे मेल उघडण्याआधीच तक्त्यातली नेमकी ओळ हाती येते. दुसऱ्याचे श्रम वाचवणारी ही नम्रता मला फार मोलाची वाटते.

पहिले वाक्य आभाराचे, रीतसर. दुसऱ्यावर मात्र थांबायलाच हवे: ‘घरून काम या विषयावर बोलताना शेजारच्या उमेदवाराने लहान गावांतल्या इंटरनेटचा मुद्दा मांडला, त्यामुळे माझ्या मताला मुरड घालावी लागली.’ गटचर्चेत बोलण्याइतकेच ऐकण्यालाही गुण असतात. ‘मी उत्तम श्रोता आहे’ असे तिने कुठेही म्हटलेले नाही. ऐकले होते, एवढेच दाखवले आहे. शिवाय फेरी संपल्यावर सुचलेले मुद्दे मेलमध्ये घुसडण्याचा मोह अनेकांना होतो, तो इथे नाही. गुण केव्हाच दिले गेले आहेत आणि मेलने ते वाढत नाहीत, याची जाण त्या संयमात आहे. ज्याच्याशी चुरस आहे त्याला श्रेय देऊन वाक्य तिथेच संपवणे, ही या मेलमधली सर्वांत देखणी जागा!

तिसरे वाक्य: ‘आठवडाभरात कळवू असे आपण म्हणाला होता, आज नववा दिवस असल्याने, यादी साधारण कधी लागेल हे कळू शकेल का?’ ‘माझी निवड झाली का’ हा प्रश्न तिने टाळला आहे. परीक्षकांचे गुण एकत्र होऊन वरिष्ठांची संमती येईपर्यंत एचआरला त्याचे उत्तर देता येत नाही, आणि देता न येणाऱ्या उत्तराचे मेल पडून राहतात. तारीख मात्र एका ओळीत सांगता येते. ‘नववा दिवस’ या शब्दांत तक्रारीचा सूर नाही. दिलेली मुदत तिने आधी पूर्ण होऊ दिली आहे. किती नेमका तोल!

शेवटी, ‘20 तारखेला विद्यापीठाची परीक्षा आहे, एरवी कोणत्याही दिवशी येऊ शकेन.’ घरची अडचण नाही, दुसऱ्या ऑफरचा धाक नाही, आधीच दिलेला बायोडेटा पुन्हा जोडलेला नाही. उत्तर पाठवले आहे ते फेरीचे निमंत्रण आलेल्या मेललाच, आणि प्रत महाविद्यालयाच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना. कॅम्पसवरचा पत्रव्यवहार त्यांच्यामार्फत चालतो. त्यांना वगळून थेट विचारणा केली असती, तर तेच चार शब्द आगाऊ वाटले असते.