खाद्यपाकिटांवरील बारीक मजकूर आणि पोषणमूल्यांचे आकडे : छायाचित्राधारित तुलनेची चिकित्सा

खाद्यपदार्थांच्या पाकिटांची छायाचित्रे घेऊन त्यांवरील मजकुराची वाचनीयता तुलनेने तपासण्याची पद्धत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आता रूढ झाली आहे. पद्धत स्वस्त आणि सोपी आहे. तथापि तिच्या निष्कर्षांवर विसंबण्यापूर्वी छायाचित्रात नेमके काय उमटते आणि काय हरवते, हे पाहणे आवश्यक ठरते.

छायाचित्रात प्रथम हरवतो तो आकार. पडद्यावर मोठे करून पाहिलेले अक्षर सुवाच्य भासते, परंतु ग्राहक दुकानात पाकीट मोठे करून पाहू शकत नाही. उलट चूकही तितकीच संभवते. २०० मिलिमीटर रुंदीचे पाकीट ४००० बिंदू रुंदीच्या छायाचित्रात पूर्ण भरले, तर प्रत्येक मिलिमीटरला २० बिंदू मिळतात. तेच छायाचित्र मोबाइलवरून पाठवताना १६०० बिंदूंवर आले, की मिलिमीटरला केवळ ८ बिंदू उरतात आणि लहान अक्षरे विरघळल्यासारखी दिसतात. हा दोष पाकिटाचा नव्हे, चित्राचा होय. म्हणून मजकुरालगत मिलिमीटरची पट्टी ठेवून, कॅमेरा पृष्ठभागाशी समांतर धरून घेतलेले चित्रच तुलनेस पात्र मानावे. फुगीर पाकिटाच्या कडेला वळलेला मजकूर आधी सपाट करावा लागतो. चकचकीत वेष्टणावरील परावर्तन मात्र चित्रातून वगळू नये, कारण ते ग्राहकाच्याही वाट्याला येते. समोरून एक आणि किंचित तिरपे एक, अशी दोन चित्रे घेणे इष्ट.

पट्टीवरून उंची मोजली तरी प्रश्न सुटत नाही. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांत घोषणांच्या अक्षरांसाठी किमान १ मिलिमीटर उंची सांगितली आहे. इंग्रजी मोठे अक्षर १ मिलिमीटर असेल, तर त्याच वळणातील लहान अक्षराचे अंग सुमारे ०.७ मिलिमीटर भरते, आणि मजकुराचा बहुतांश भाग लहान अक्षरांचाच असतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमाने ही पळवाट ओळखून लहान 'एक्स' अक्षराचीच उंची किमान १.२ मिलिमीटर ठरवली. अगदी लहान पाकिटांसाठी ती ०.९ आहे. देवनागरीत अडचण अधिकच वाढते. शिरोरेषेवरची वेलांटी आणि खालचा उकार धरून उंची मोजल्यास अक्षराच्या मूळ अंगाला त्यातील जेमतेम निम्मा वाटा मिळतो. दोन लिप्यांची तुलना एकाच उंचीवर करणाऱ्या तक्त्यात देवनागरीला म्हणूनच फसवे झुकते माप मिळते.

०.७ मिलिमीटरचे अक्षर ४० सेंटिमीटरवरून डोळ्याशी सुमारे ६ कलांचा कोन करते. निर्दोष दृष्टीला अक्षर जेमतेम ओळखण्यास ५ कला लागतात. सहज वाचनासाठी त्याच्या दुपटीहून अधिक. चाळिशी ओलांडलेल्या, चष्मा घरी विसरलेल्या ग्राहकाला हे पाकीट वाचता येणार नाही, हे मोजमापानेच स्पष्ट होते.

परंतु वाचता येणे म्हणजे कळणे नव्हे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार पोषणतक्त्यात सामान्यतः घटकाचे प्रमाण १०० ग्रॅममागे आणि दैनंदिन शिफारशीतील टक्केवारी एका वेळच्या खाण्यामागे दिली जाते. एकाच ओळीत दोन भिन्न आधार शेजारी बसतात, आणि खरा घोटाळा येथे आहे. उदाहरणार्थ, शेवेची दोन पाकिटे कल्पावीत. दोन्हींत १०० ग्रॅममागे ९०० मिलिग्रॅम सोडियम आहे. पहिले पाकीट एका वेळचे प्रमाण ३० ग्रॅम धरते, दुसरे २० ग्रॅम. सोडियमची दैनंदिन मर्यादा २००० मिलिग्रॅम असल्याने पहिल्यावर सुमारे १४ टक्के छापले जाईल, दुसऱ्यावर ९. खारटपणा तोच, तरी दुसरे पाकीट सौम्य वाटते. शिवाय '९००' आणि '१४ टक्के' एका ओळीत वाचणारा ९०० मिलिग्रॅम म्हणजेच १४ टक्के असे समजतो. वस्तुतः ते ४५ टक्के आहेत. १५० ग्रॅमचे पाकीट एका बैठकीत संपवल्यास पोटात १३५० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ६८ टक्के सोडियम जाते. तो आकडा तक्त्यात कोठेही आढळत नाही.

प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये एकूण साखर, मीठ व संपृक्त मेद ठळक आणि तुलनेने मोठ्या अक्षरांत देण्याच्या प्रस्तावास मंजुरी दिली होती. वरील उदाहरणास तो लावल्यास मर्यादा लगेच दिसते : ९ हा आकडा ठळक झाला, तरी तो २० ग्रॅमचाच राहतो. छायाचित्राधारित तुलनेत अक्षराच्या उंचीचा एक रकाना असतो. त्याशेजारी 'एका वेळचे प्रमाण किती ग्रॅम' आणि 'संपूर्ण पाकिटाची टक्केवारी किती' हे दोन रकाने नसतील, तर सर्वाधिक सुवाच्य पाकीटच सर्वाधिक दिशाभूल करणारे असूनही त्या तुलनेत पहिले येऊ शकते.