आलेखाखालच्या पाच ओळी

पुण्यातल्या एका क्लासच्या गूगल जाहिरातींचा साप्ताहिक अहवाल, नमुना म्हणून. सोमवारी सकाळी तो आपोआप मेलवर येऊन पडतो. त्यातले आलेख यंत्राने काढलेले, खालचं टिपण मात्र माणसाने लिहिलेलं:

‘खर्च ४२,००० रुपये, क्लिक २,४००, दोन्ही गेल्या आठवड्याइतकेच. लीड मात्र १२० वरून १०० वर आल्या, म्हणून एक लीड ३५० ऐवजी ४२० रुपयांना पडली. कमी झालेल्या वीसही लीड मोबाइलवरच्या आहेत (९० वरून ७०), आणि घट बुधवारी फॉर्मला ओटीपी लावल्यापासून दिसते. शनिवार-रविवारच्या क्लिकवरच्या काही लीड अजून यायच्या आहेत, त्यामुळे आकडा थोडा सुधारेल. उद्या मोबाइलवरचा ओटीपी काढू; पुढच्या सोमवारपर्यंत मोबाइलवरच्या लीड ९० च्या आसपास आल्या नाहीत तर कारण दुसरीकडे शोधू, तोवर बजेटला हात लावणार नाही.’

पहिलं वाक्य कोरडं वाटतं, पण जाहिरातीला निर्दोष ठरवण्याचं काम तेच करतं. तेवढ्याच पैशांत तेवढेच क्लिक आले, म्हणजे क्लिक महागला नाही. गळती क्लिकनंतर, पानावर किंवा फॉर्मवर आहे. ‘लीडचा खर्च २० टक्क्यांनी वाढला’ एवढंच लिहिलं असतं, तर मालकाने आधी जाहिरातच बंद करायला सांगितली असती. पुढे मोबाइल आणि बुधवार या दोन खुणांनी शोध आणखी आवळत जातो. तरीही ओटीपीवर खापर फोडलेलं नाही. घट कधीपासून दिसते, एवढंच सांगितलंय.

मला सर्वांत आवडतं ते चौथं वाक्य. गूगल अ‍ॅड्समध्ये लीड ज्या दिवशी फॉर्म भरला त्या दिवशी नव्हे, ज्या दिवशी क्लिक झाला त्या दिवसाच्या खात्यात जमा होते. शनिवारी क्लिक करून मंगळवारी फॉर्म भरणारा सोमवारच्या अहवालात दिसणारच कसा? त्यामुळे ताजा आठवडा नेहमीच जरा अशक्त दिसतो. हे ठाऊक नसलेला टिपणकार दर सोमवारी घसरणीची बातमी देत राहतो.

शेवटच्या वाक्यात कृती आहे, तिची मुदत आहे आणि आपण चुकलो तर ते कशावरून कळेल हेही आहे. बजेटला हात न लावणं तर फारच शहाणपणाचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला हे कळायला मार्ग उरत नाही.

पण इथेच माझं एक भांडण आहे. ओटीपी लावला कशासाठी? बहुधा खोटे नंबर गाळायला. समजा, आधीच्या १२० मधले ३० नंबर खोटे होते. मग खरी लीड तेव्हा सुमारे ४६७ रुपयांना पडत होती आणि आताच्या शंभरही खऱ्या असतील तर ती ४२० ला पडते. म्हणजे आठवडा वाईट नव्हे, चांगला गेला! ओटीपी काढण्याआधी फोन लावणाऱ्या मुलींना ‘खोटे नंबर किती लागले?’ एवढं विचारायला हवं होतं. त्यांची वही या अहवालाला जोडलेली नाही.