मॅनोव्हाचं छत्र नेमकं कुणावर?

मंडळी, एक वाक्य आम्ही प्रबंधांमध्ये इतक्या वेळा वाचलं आहे की ते डोळे मिटून म्हणता येईल: ‘मॅनोव्हा सार्थ आढळला, म्हणून प्रत्येक चलासाठी स्वतंत्र अनोव्हा केला.’ आज आमची तक्रार या वाक्यातल्या ‘म्हणून’ या एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द कारण सांगतो असं वाटतं, पण कारण सांगत नाही.

आम्ही स्वतः अशा एका प्रबंधाला परीक्षक होतो. वाचन शिकवण्याच्या नव्या पद्धतीचे चार परिणाम मोजले होते: वेग, आकलन, शब्दसंग्रह आणि वाचनाची आवड. मॅनोव्हा सार्थ होता. वेगातला फरक ठळक होता आणि आवडीतला ०.०५ च्या जेमतेम खाली. शिफारस मात्र आवडीवर उभी होती: ही पद्धत शाळांनी घ्यावी, कारण तिच्यामुळे मुलांना वाचनाची गोडी लागते. आम्ही सही केली. ती आज करणार नाही. का, ते सांगतो.

मॅनोव्हा जी शून्य परिकल्पना तपासतो, ती म्हणते की चारही चलांच्या सरासऱ्या सर्व गटांत सारख्याच आहेत. कुठेच काही फरक नसेल, तर मॅनोव्हाचं दार शंभरातून सुमारे पाचच वेळा चुकून उघडतं आणि पुढच्या चाचण्यांना तेवढं संरक्षण मिळतं. इथवर ठीक. पण वेगात खरोखर मोठा फरक आहे आणि बाकी तिघांत काहीच नाही, असं समजा. मग एकट्या वेगामुळे दार जवळपास दर वेळी उघडणार. आत गेल्यावर उरलेल्या तिघांची तपासणी प्रत्येकी ०.०५ वर. ती एकमेकांपासून स्वतंत्र असती तर निदान एक खोटा फरक सापडण्याची शक्यता १ − (०.९५)³, म्हणजे सुमारे १४ टक्के. चलं परस्परसंबंधित असली की आकडा काहीसा उतरतो, पण पाचावर येईलच याची हमी नाही. म्हणजे छत्री उघडी आहे, पण पाऊस नसतानाच!

मग स्वतंत्र अनोव्हा करायचेच नाहीत का? करा की! पण प्रश्न मुळातच चार वेगळे असतील, तर ते आधी लिहून ठेवा आणि ०.०५ चारांत वाटा: प्रत्येकी ०.०१२५. त्यासाठी मॅनोव्हाची परवानगी लागत नाही. ह्युबर्टी आणि मॉरिस यांनी १९८९ मध्ये हेच बजावलं होतं.

आता दुसरा मुद्दा. मॅनोव्हाचा प्रश्नच निराळा आहे: चलं एकत्र घेतली तर कोणत्या संयोगात गट वेगळे पडतात? फिशरनं १९३६ मध्ये वापरलेली आयरिस फुलांची मापं घ्या, तीन प्रजाती, प्रत्येकी ५० फुलं. चारही मापांवर पिलाई ट्रेस १.१९ येतो, एफ ५३.४७, स्वातंत्र्य मात्रा ८ आणि २९०. निदलाच्या लांबीचा एकटा अनोव्हा केला तर एफ ११९.२६. सरासरी सेटोसात ५.०१ सेंटिमीटर, व्हर्सिकलरमध्ये ५.९४, व्हर्जिनिकात ६.५९. पाकळीची लांबीही याच क्रमानं वाढते. दोन्ही मापं एकाच दिशेनं बोलतात, असं कुणीही म्हणेल.

पण भेददर्शक फलन काढा. पहिल्या संयोगात पाकळीच्या लांबीचा गुणांक −२.२० आणि निदलाच्या लांबीचा +०.८३. चिन्हं उलट! अर्थ असा: बाकी मापं सारखीच असलेली दोन फुलं घेतली, तर लांब निदलाचं फूल सेटोसाकडे झुकतं. प्रत्येक प्रजातीच्या आत ही दोन्ही मापं बरोबरीनं वाढतात, त्यामुळे पाकळीच्या मानानं निदल केवढं, हाच भेद करणारा भाग ठरतो. चार अनोव्हांतला एकही हे सांगू शकत नाही, कारण त्यांना शेजारच्या चलाची खबरच नसते.

तेव्हा अहवालात काय हवं? कोणतं संख्यामान वापरलं त्याचं नाव, एफ, दोन्ही स्वातंत्र्य मात्रा, परिणामाचा आकार. प्रत्येक गटाच्या सरासऱ्या, प्रमाण विचलनं आणि गटांतर्गत सहसंबंध. या तक्त्यावरून वाचक स्वतः पडताळू शकतो. पुढची चाचणी कोणती, हे प्रश्नावरून ठरवा: संयोगाबद्दल विचारलं असेल तर भेददर्शक फलन, एकेका चलाबद्दल विचारलं असेल तर वाटून घेतलेली पातळी. आणि ‘म्हणून’च्या जागी तो प्रश्न लिहा.

त्या प्रबंधात आवडीबद्दलचा प्रश्न आधी मांडलेला नव्हता आणि ०.०१२५ ची कसोटी लावली असती तर तो निष्कर्ष उरलाच नसता. वेगाबद्दलचं विधान टिकलं असतं. शाळांना तेवढंच सांगायला हवं होतं.