शब्दवैविध्य आणि पुनरावृत्ती : यंत्रनिर्मित मजकूर ओळखण्याच्या निकषांची चिकित्सा

मजकूर मानवाने लिहिला की यंत्राने, हे ठरविण्यासाठी दोन सोपी मोजमापे सुचविली जातात. पहिल्यात भिन्न शब्दांच्या संख्येला एकूण शब्दांच्या संख्येने भागून शब्दवैविध्याचे गुणोत्तर काढतात. दुसऱ्यात लागोपाठच्या तीन शब्दांच्या साखळ्यांपैकी किती साखळ्या पुन्हा येतात, हे पाहतात. गुणोत्तर कमी आणि पुनरावृत्ती अधिक असल्यास लेखन यंत्राचे, असे अनुमान काढले जाते. या अनुमानाची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिली अडचण लांबीची आहे. मजकूर वाढतो तसे जुने शब्द परत येतात आणि गुणोत्तर आपोआप घटते. त्यामुळे दोनशे शब्दांच्या उत्तराची हजार शब्दांच्या निबंधाशी थेट तुलना करता येत नाही. कव्हिंग्टन व मॅकफॉल यांनी 2010 मध्ये यावर उपाय मांडला. समान लांबीची चौकट मजकुरावरून एकेक शब्द पुढे सरकवायची आणि सर्व चौकटींच्या गुणोत्तरांची सरासरी घ्यायची.

दुसरी अडचण मराठीच्या रूपव्यवस्थेची आहे. 'घरात आई होती. घरातून आवाज आला. घराला कुलूप नव्हते.' या नऊ शब्दांत एकही रूप दोनदा येत नाही; गुणोत्तर 1 येते. मात्र 'घर' हा मूळ शब्द एकच धरल्यास भिन्न शब्द सात उरतात आणि गुणोत्तर 0.78 होते. लेखन तेच असूनही निष्कर्ष बदलतो. म्हणून इंग्रजीवर ठरविलेली सीमारेषा मराठीला जशीच्या तशी लावणे सदोष ठरते.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. होल्ट्झमन व सहकाऱ्यांनी 2020 च्या शोधनिबंधात दाखविले की, प्रतिमान नेहमी सर्वाधिक संभाव्य शब्दक्रम शोधत राहिले तर तेच वाक्य पुन्हा पुन्हा येते. याउलट, प्रत्येक पायरीला संभाव्यतेचा मोठा वाटा व्यापणारे मोजकेच शब्द ठेवून त्यांतून यादृच्छिक निवड केली, तर पुनरावृत्तीचे प्रमाण मानवी लेखनाच्या जवळ येते. प्रतिमान तेच असते; केवळ शब्दनिवडीची पद्धत बदललेली असते. अर्थात, ही मोजमापे लेखक कोण हे सांगत नसून शब्द कसे निवडले गेले हे सांगतात.

उलट बाजूने पाहता, आरतीतील ध्रुवपद, शासकीय परिपत्रकातील ठरावीक वाक्ये आणि मर्यादित शब्दसंग्रह असलेल्या विद्यार्थ्याचे उत्तर यांतही पुनरावृत्ती विपुल असते. ती पूर्णतः मानवी असते.

सारांश, समान लांबीच्या, एकाच प्रकारच्या लेखनाची तुलना करताना ही मोजमापे संशयाला जागा दाखवू शकतात. विद्यार्थ्यावर ठपका ठेवण्यास मात्र ती अपुरी आहेत. त्यासाठी त्याचे पूर्वीचे लेखन, कच्चा मसुदा आणि तोंडी परीक्षा यांचाच आधार घेणे उचित ठरेल.