कोटाच्या आतली चिठ्ठी : एका भाषांतराची तपासणी

आज ज्या मजकुराबद्दल बोलायचं आहे तो जेमतेम सहा ओळींचा आहे. माझ्या मेहुण्याने पुण्यात इटालियन बनावटीचा लोकरी कोट घेतला. विक्रेत्याने आतल्या लेबलाचं मराठी भाषांतर छापून सोबत दिलं होतं. हेतू चांगलाच. पण त्या चिठ्ठीबरहुकूम इस्त्री केली आणि कॉलरवर चकाकी आली, ती गेली नाही. म्हणून मी लेबल आणि चिठ्ठी शेजारी ठेवून वाचली.

लेबलावर बाहेरच्या कापडासाठी ७० टक्के 'लाना', २० टक्के 'पोलिआम्मिदे' आणि १० टक्के 'आल्त्रे फीब्रे' म्हणजे इतर धागे, असं होतं. अस्तर १०० टक्के 'व्हिस्कोझा'. चिठ्ठीत या अस्तराचं झालं '१०० टक्के चिकट'! शब्दकोशात व्हिस्कोझाचा अर्थ चिकट असाच सापडतो, म्हणून भाषांतरकाराला दोष द्यायचा तो कोश बघण्याचा नाही, तिथेच थांबण्याचा. आपल्या कापडबाजारात या धाग्याला व्हिस्कोस किंवा रेयॉन म्हणतात. मराठीत तेच लिहायचं.

'लाना'चं चिठ्ठीत 'शुद्ध लोकर' झालंय. लेबलावर शुद्ध कुठेच नाही. युरोपीय नियमांप्रमाणे आधी कुठल्याही तयार मालात न वापरलेली लोकर असेल तरच तिला 'लाना व्हेर्जिने' म्हणता येतं. नुसतं 'लाना' लिहिलं तर ती जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा काढलेलीही असू शकते. टस्कनीतलं प्रातो हे गाव त्याच कामासाठी नावाजलेलं आहे आणि तिथलं कापड वाईट असतं असं मुळीच नाही. पण 'शुद्ध' म्हटलं की आपला गिऱ्हाईक वेगळंच समजतो. इथे फक्त 'लोकर' एवढंच लिहायला हवं होतं. (आणि व्हेर्जिने आलंच, तर कृपा करून 'कुमारी लोकर' नको, 'नवी लोकर' म्हणा.)

त्याखालची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: 'कोन्तिएने पार्ती नॉन तेस्सीली दी ओरीजिने आनिमाले'. कापड सोडून कोटात जे काही आहे, त्यातलं काही प्राण्यापासून आलेलं आहे, असा तिचा अर्थ. चामड्याची पट्टी असेल, शिंगाची बटणं असतील. चिठ्ठीत ही ओळ गाळलीच आहे. आता लोकर चालते पण चामडं अंगावर चालत नाही, अशी माणसं आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांच्यासाठी अख्ख्या लेबलात हीच ओळ कामाची. मात्र कोणता भाग, कोणता प्राणी, हे लेबल सांगत नाही. म्हणून भाषांतरकारानेही स्वतःच्या पदरचं 'गाय' किंवा 'डुक्कर' घालू नये. 'कापडाखेरीजचे काही भाग प्राणिजन्य आहेत', बास.

आता चित्रं. टब आणि त्रिकोण दोन्हींवर फुली, म्हणजे घरी धुऊ नये, ब्लीच नको. हे चिठ्ठीत बरोबर आहे. गडबड इस्त्रीशी सुरू होते. इस्त्रीत एक ठिपका आहे आणि चिठ्ठी म्हणते, 'एकदा इस्त्री करावी'. ठिपका वेळा मोजत नाही, तो उष्णता सांगतो. एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंशांपर्यंत, तीन म्हणजे सुमारे २००. इस्त्रीवाल्याने चिठ्ठी वाचली, सुती शर्टाच्या तापमानावर एकदाच इस्त्री फिरवली, आणि कॉलर चकाकली.

यातलं मूळ असं की ही चित्रं हुकूम देत नाहीत, हद्द आखतात. कपडा जास्तीत जास्त काय सोसेल ते सांगतात. त्याहून सौम्य चालतं. म्हणून मराठीत 'करावी' हा शब्दच फसवतो. 'हलक्या इस्त्रीपेक्षा जास्त गरम नको' असं लिहिलं की वाचणारा हात आपोआप मागे घेतो.

शेवटचं चित्र गोल, त्यात इंग्रजी पी, खाली एक आडवी रेघ. चिठ्ठीत: 'पेट्रोल वॉश करा'. आपल्याकडे ड्रायक्लीनला पेट्रोल वॉश म्हणायची जुनी सवय आहे, त्यामुळे चूक कशी झाली ते कळतं. पी म्हणजे पर्क, परक्लोरोएथिलीन हे द्रावण. गंमत म्हणजे या कोटाचं इथे काही बिघडत नाही, कारण पी असलेल्या कपड्याला पेट्रोलियमपासूनची सौम्य द्रावणंही चालतात. पण उद्या गोलात एफ आला, तर तिथे फक्त ती सौम्य द्रावणंच चालतात, पर्क नाही. पी म्हणजे पेट्रोल असं मनात बसलेला माणूस एफला 'पेट्रोल नाही' समजणार आणि कपडा नेमका पर्कमध्ये जाणार. खालची रेघही चिठ्ठीत नाही. ती म्हणते, यंत्रात कमी घुसळा, कमी तापवा.

मी मेहुण्याला ती ओळ अशी लिहून दिली: 'फक्त ड्रायक्लीन, हलक्या पद्धतीने, पर्क चालेल.' खाली पेन्सिलने: 'दुकानदाराला आधी विचार, तुमच्याकडे कोणतं द्रावण आहे?'