ठेका कुठे सोडायचा?

गणपती विसर्जन झालं की ढोल-ताशा पथकांच्या रील्सचा पूर येतो. बहुतेकांचं संकलन एकाच नियमानं झालेलं असतं: ढोलावर टिपरू पडलं की चित्र बदलायचं. पहिले पाच-सहा ठोके अंगावर येतात. मग पुढचा कट कधी येणार हे डोळ्यांना आधीच कळतं, आणि तिसाव्या सेकंदाला एवढा दणदणाट चालू असूनही कंटाळा येतो. लग्नाच्या फिल्म, जाहिराती, सिनेमांचे ट्रेलर या सगळ्यांना आज हाच रोग आहे. ट्रॅकमधले ठोके शोधून टाइमलाइनवर मार्कर टाकण्याचं काम आता सॉफ्टवेअर करतं. त्यामुळे ठोका पकडणं हे संकलकाचं कसब उरलेलं नाही. कोणता ठोका सोडायचा, यावर त्याची पारख करायला हवी.

हा प्रश्न जुना आहे. सर्गेई आयझेनस्टाइननं 1929 मध्ये मोंताजचे प्रकार मांडले, तेव्हा सर्वांत प्राथमिक प्रकार म्हणून त्यानं मापाचा मोंताज सांगितला. त्यात शॉटची लांबी ठरावीक हिशोबानं ठरते, शॉटमध्ये काय आहे याचा विचार होत नाही. त्याच्या वरची पायरी लयीच्या मोंताजची. तिथे शॉटच्या आतली हालचालही लांबी ठरवते. उदाहरण त्यानं स्वतःच्याच ‘बॅटलशिप पोटेम्किन’मधलं (1925) दिलं. ओडेसाच्या पायऱ्यांवरून सैनिक उतरतात, त्यांच्या पावलांना एक ठाम ठेका आहे, पण कट त्या ठेक्यावर पडत नाहीत. पाऊल आणि कट यांच्यातल्या या बेबनावातूनच त्या प्रसंगाचा ताण वाढतो. आजचं बरंचसं ‘बीट-कट’ संकलन या दोन पायऱ्यांपैकी खालच्या पायरीवर थांबलेलं आहे.

अर्थात ठेका सोडण्याआधी तो पकडता यायला हवा, आणि त्यातही यंत्रावर विसंबणारे फसतात. ट्रॅकची गती मिनिटाला 100 ठोके आणि चित्र सेकंदाला 24 फ्रेम आहे असं धरू. म्हणजे दर ठोक्याला 14.4 फ्रेम येतात. फ्रेम तर अर्धी कापता येत नाही. म्हणून एखाद्यानं प्रत्येक शॉट 14 फ्रेमचा ठेवला, तर दहा ठोक्यांनंतर चित्र संगीताच्या चार फ्रेम पुढे गेलेलं असतं आणि बघणाऱ्याला काहीतरी बिनसल्याचं जाणवतं. यावर उपाय साधा आहे. शॉटची लांबी मोजत न बसता प्रत्येक मार्कर संगीताच्या सुरुवातीपासून मोजायचा. पथकाच्या जिवंत रेकॉर्डिंगमध्ये एवढ्यानंही भागत नाही, कारण रंगात आलं की वादकांची लय चढते. शिवाय ताशाच्या कडकडाटालाच मुख्य ठोका समजून सॉफ्टवेअर गती दुप्पट मोजू शकतं. अशा वेळी मार्कर कानानं ऐकूनच टाकावे लागतात.

नेमक्या ठोक्यावर टाकलेला कट अनेकदा उशिरा आल्यासारखा का वाटतो, यालाही कारण आहे. दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय मापदंडानुसार आवाज चित्राच्या आधी आला तर साधारण 45 मिलिसेकंदांतच तो खटकू लागतो. चित्रानंतर आला तर 125 मिलिसेकंदांपर्यंत चालून जातो. 24 फ्रेमच्या हिशोबात पहिली सूट जेमतेम एका फ्रेमची आहे, दुसरी तिनाची. म्हणून जाणते संकलक कट ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी घेतात. त्याहून चांगली रीत म्हणजे ठोक्यावर कट न टाकता क्रिया टाकणं. टिपरू वर गेलेलं असताना, ठोक्याच्या सात-आठ फ्रेम आधीच, नव्या शॉटमध्ये शिरायचं. मग ठोक्याच्या क्षणी टिपरू चामड्यावर आदळतं. कट झाल्याचं कोणाला कळतही नाही आणि ठोका दुप्पट जोरकस लागतो.

यापुढचा निर्णय ठोक्यांच्या वाटपाचा. वरच्याच गतीच्या सोळा ठोक्यांना, म्हणजे 9.6 सेकंदांना, सोळा शॉट लावता येतात. पण गर्दीचा लांबून घेतलेला शॉट 0.6 सेकंदात वाचताच येत नाही. टिपऱ्याचा क्लोजअप तेवढ्यात वाचून होतो. तेव्हा गर्दीला सात ठोके, वादकाच्या चेहऱ्याला पाच, मग एकेका ठोक्याचे दोन क्लोजअप आणि उरलेल्या दोन ठोक्यांना ध्वज, असं वाटप केलं तर तोच ट्रॅक श्वास घेऊ लागतो. तीनतालात सोळा मात्रा असतात म्हणून तबलजी प्रत्येक मात्रेवर समेचं वजन देत नाही. नवव्या मात्रेची खाली हलकी असते, म्हणून पुढच्या समेची ओढ लागते.

डेमियन शझेलच्या ‘व्हिपलॅश’चं (2014) संकलन टॉम क्रॉसनं केलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. ड्रमवरचा सिनेमा म्हणून या संकलनाची स्तुती होते ती वेगवान कटसाठी. पण अखेरच्या एकल वादनात मोलाची जागा वेगळी आहे. ड्रमवादक अँड्र्यू लय मुद्दाम उतरवत नेतो, तेव्हा संकलनही घाई सोडून त्याच्या हातांवर आणि त्याचा गुरू फ्लेचर याच्या इशाऱ्यांवर थांबतं. लय पुन्हा चढते तेव्हा तो वेग मिळवलेला वाटतो. शेवटी त्या दोघांच्या चेहऱ्यांवर जो वेळ जातो, तो नजरेनं ठरवलेला आहे, ड्रमनं नाही.

मराठीत या संयमाचं सर्वांत धीट उदाहरण नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ (2016) आहे. अजय-अतुलच्या संगीताची चर्चा झाली ती गाण्यांमुळे. त्या संगीताची मांडणी मात्र पुरेशी पाहिली गेली नाही. चारही गाणी पूर्वार्धात आहेत. तिथे वाद्यमेळ आणि संथ गतीची दृश्यं प्रेक्षकाला वाहत नेतात, ‘झिंगाट’ला थिएटरं नाचतात. उत्तरार्धात पळून गेलेल्या प्रेमिकांच्या हैदराबादमधल्या संसारात एकही गाणं नाही. पाणी, स्वयंपाक, भांडण असे रोजचे व्यवहार आपापल्या लयीनं चालतात, आणि गाण्यांची सवय लागलेल्या प्रेक्षकाला तो उणेपणा नकळत बोचत राहतो. शेवटच्या प्रसंगात त्या दोघांची हत्या दाखवलेलीच नाही. त्यांचं मूल घरात येतं तेव्हा पडद्यावरून आवाजच काढून घेतला जातो. व्हायोलिनचा एक स्वर जरी तिथे असता, तरी कसं वाटून घ्यायचं हे त्यानं सांगितलं असतं आणि प्रेक्षक सुटला असता. ही शांतता काम करते ती पूर्वार्ध एवढा सुरेल असल्यामुळे. पहिल्या तासाभरात संगीत कमी असतं, तर शेवटी काढून घेण्यासारखं काही उरलं नसतं.

इथेच आजच्या संकलनातली दुसरी उणीव दिसते. शांतता वापरणारे वाढलेत, पण ती ठरावीक जागी येते: धमाक्याआधी संगीत अर्धा सेकंद तोडायचं आणि मग सगळी वाद्यं एकदम आदळायची. ट्रेलरमध्ये ही युक्ती इतकी झिजली आहे की आवाज थांबताच प्रेक्षक दणक्याच्या तयारीत बसतो. ती शांतताही ठेक्याचाच भाग बनली आहे. ‘सैराट’च्या शांततेनंतर दणका येत नाही, म्हणून ती वेगळी.

मोंताज पारखायला एक जुनी रीत अजून उत्तम आहे. वॉल्टर मर्चसारखा ध्वनीचा जाणकार संकलकही प्रसंगाची पहिली जुळणी आवाज बंद ठेवून करतो. झालेलं कामही तसंच मुकं करून पाहावं. नजर एका शॉटमधून दुसऱ्यात सहज जात असेल, कोणता शॉट का लांबला हे चित्रातूनच कळत असेल, तर संगीत त्या कामात भर घालतं आहे. मुकं केल्यावर नुसती चित्रांची फडफड उरत असेल, तर त्या रीलमध्ये संकलन सॉफ्टवेअरनंच केलेलं आहे, आणि ट्रॅक बदलला की तेही जाईल.